धावताना डावी कंबर खाली जाते, मग कमजोर बाजू नेमकी कोणती?

पाऊलवाट

मंडळी, गेली तीन वर्षं मी धावतेय. वय ४२, वजन ६० किलो. आठवड्यातून चार दिवस, एका वेळी सहा-सात किलोमीटर. तीन महिन्यांपूर्वी मैत्रिणीने मागून व्हिडिओ काढला आणि हळू गतीने पाहिला तर एक गोष्ट ठळक दिसली. माझा उजवा पाय जमिनीवर टेकला की पँटच्या कमरेची पट्टी डावीकडे झपकन खाली उतरते. डावा पाय टेकतो तेव्हा पट्टी जवळजवळ आडवीच राहते.

मी सरळ समजले की डावी बाजू कमजोर आहे, म्हणून ती खाली लोंबते. दोन महिने फक्त डाव्या बाजूचे व्यायाम केले. कुशीवर झोपून पाय उचलणे, गुडघ्यांभोवती रबरी पट्टा बांधून गुडघा उघडणे, सगळं डावीकडे. व्हिडिओत काडीचाही फरक नाही. शिवाय पाचव्या किलोमीटरनंतर उजव्या खुब्याच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागतं. रात्री उजव्या कुशीवर झोपलं की जागही येते. माझं नेमकं कुठे चुकतंय?

मैदानी

तुमचा ग्लुटियस मीडियस, म्हणजे खुब्याच्या बाजूचा स्नायू, झोपलेला आहे, दुसरं काही नाही. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाचं हेच होतं. दोन्ही बाजूंना पट्ट्याचे व्यायाम आणि पाठीवर झोपून कंबर उचलण्याचे तीन-तीन संच करा, धावण्याआधी दहा मिनिटं. स्नायू जागा झाला की कंबर आपोआप सपाट राहील. मला याने फरक पडला होता.

उंबरठा

एक पाय आखूड असेल. माझ्या एका नातेवाइकाचं असंच होतं, डावी बाजू कायम खाली. बुटात टाचेखाली पातळ पट्टी घातल्यावर बरं वाटलं. आधी पाय मोजून घ्या.

सांधेजोड

पाऊलवाट, मी फिजिओथेरपिस्ट आहे. तुम्हाला न तपासता निदान करणार नाही, पण बाजू उलटी धरली गेलीय हे नक्की सांगते. डावी कंबर खाली जाते तेव्हा काम चुकलेलं असतं उजवीकडच्या स्नायूचं.

आता उभ्या उभ्याच करून बघा. उजव्या पायावर उभ्या राहा आणि डावा पाय थोडासाच उचला. डाव्या बाजूला आता खाली काहीच नाही. डावा पाय, धड, डोकं, हात हे सगळं वजन उजव्या खुब्याच्या गोलाकार सांध्यावर तोललेलं आहे, आणि त्यातलं बहुतेक वजन सांध्याच्या डावीकडे आहे. त्यामुळे पेल्व्हिस, म्हणजे कमरेच्या हाडांचा सांगाडा, डावीकडे कलणारच. त्याला डावीकडून वर ओढणारं कोणी नाही, कारण डावा पाय स्वतःच हवेत लटकलाय. उजवीकडून खाली खेचून धरलं तरच डावी बाजू वर राहते.

ते खेचण्याचं काम ग्लुटियस मीडियस करतो. तो पंख्यासारखा आहे. वरचा पसरट भाग कंबरेच्या हाडाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर, आणि खालचं टोक मांडीच्या हाडाच्या वरच्या बाहेरच्या उंचवट्यावर. हाताचा तळवा कमरेच्या बाजूला ठेवून एका पायावर उभं राहिलात तर हाडाच्या काठाच्या खाली तो ताठ झालेला बोटांना लागतो. पाय बदला, तिथला ताण उतरतो आणि दुसरीकडे येतो. चालताना दोन्ही तळवे दोन्ही बाजूंना ठेवून पाहा. आलटून-पालटून, टेकलेल्या पायाच्या बाजूचाच घट्ट होतो.

हा स्नायू पाय बाजूला उचलतो असं सगळीकडे सांगतात. खरं आहे, पण ते पाय मोकळा असताना. पाय जमिनीवर रोवलेला असला की तोच स्नायू मांडीचं हाड हलवत नाही, वरचा पेल्व्हिस हलवतो. तुमच्या दोन महिन्यांच्या मेहनतीत डावा स्नायू नक्की बळकट झाला असेल. पण ज्या क्षणी पट्टी उतरते त्या क्षणी त्याला कामच नसतं.

उंबरठा यांचा मुद्दाही सोडून देऊ नका. पण पाय आखूड असेल तर दोन्ही पायांवर नुसतं उभं राहिल्यावरही कंबर तिरकी दिसायला हवी. पाऊलवाट, तसं दिसतं का?

पाऊलवाट

दोन्ही पायांवर सरळ आहे. आताच आरशात पाहिलं. उजव्या पायावर उभी राहिले तेव्हा आधी ठीक वाटलं, पण पंधरा-वीस सेकंदांनी डावीकडचं हाड हळूहळू उतरायला लागलं. आणि माझ्या नकळत खांदे उजवीकडे झुकले. झुकल्यावर कंबर पुन्हा सपाट झाली!

सांधेजोड

ते खांदे झुकणं महत्त्वाचं आहे, लक्षात आलं ते छान झालं. या चाचणीला ट्रेंडेलेनबर्ग यांचं नाव आहे. फ्रीडरिश ट्रेंडेलेनबर्ग या जर्मन शल्यविशारदांनी १८९५ मध्ये हे लक्षण मांडलं. करायला सोपी, फसवायला त्याहून सोपी. धड टेकलेल्या पायाकडे झुकवलं की वजन सांध्याच्या जवळ येतं आणि स्नायूला कमी ओढावं लागतं. मग कंबर सपाट दिसते आणि बघणारा म्हणतो, सगळं ठीक आहे. म्हणून बघताना खांदे आणि कंबर दोन्ही बघायचे, तीस सेकंद थांबायचं, आणि तोलासाठी बोट भिंतीला लावलं तरी चालेल, भार द्यायचा नाही. नुसता तोल कच्चा असेल किंवा खुबा दुखत असेल तरीही चाचणी बिघडलेली दिसते. तेवढ्यावरून स्नायू कमजोर ठरवता येत नाही.

चालण्यातही हेच दोन प्रकार दिसतात. एकाची मोकळ्या बाजूची कंबर खचते. दुसऱ्याची कंबर सरळ, पण दर पावलाला धड त्या पायावर झोकतं. दोघांच्या मागे कारण एकच असू शकतं.

शून्यमिती

माझं क्षेत्र यंत्रांचं आहे, शरीराचं नाही. पण हा प्रश्न शुद्ध तरफेचा आहे, म्हणून आकडे मांडून पाहतो. चूक असेल तर सांधेजोड यांनी दुरुस्त करावी.

वजन ६० किलो. टेकलेला पाय वजनात धरायचा नाही, कारण तो सांध्याच्या खाली आहे. एका पायाचं वजन साधारण १० किलो, म्हणजे सांध्यावर तोलायचे उरले ५०. या ५० किलोंचा मध्य सांध्यापासून आतल्या बाजूला साधारण १० सेंटिमीटरवर पडतो. स्नायूची ओढ सांध्याच्या बाहेरच्या बाजूला फक्त ५ सेंटिमीटरवर. हे अंतर माणसागणिक बदलतं, पण प्रमाण एवढं नक्की वाकडं आहे. आता सीसॉसारखं बघा. ५० गुणिले १० म्हणजे ५००. भागिले ५ म्हणजे १००. फक्त निवांत एका पायावर उभं राहायला त्या स्नायूगटाने १०० किलोइतकं खेचायचं. आणि सांध्यावर दाब येतो तो दोन्हींची बेरीज, १५० किलो. स्वतःच्या वजनाच्या अडीच पट, आणि अजून एक पाऊलही टाकलेलं नाही.

झुकण्याचं गणितही यातच आहे. धड झुकवून तो मध्य ५ सेंटिमीटरनी सांध्याकडे आणला, की ५० गुणिले ५ भागिले ५, म्हणजे ५० किलो. ओढ निम्म्यावर. शरीराने ही सवलत आपली आपण शोधली, मला त्याचं फार कौतुक वाटलं.

सांधेजोड

गणित बरोबर आहे. एवढंच जोडते की ही ओढ एकट्या मीडियसची नाही. त्याच्या खालचा छोटा ग्लुटियस मिनिमस आणि समोरच्या बाजूचा टेन्सर फॅशिया लाटा त्याला हात लावतात. मोठा वाटा मात्र मीडियसचाच.

निळीशाई

हे वाचून मला घरातला प्रश्न आठवला, विषय थोडा वेगळा आहे पण विचारते. बाबांच्या उजव्या खुब्याचा सांधा आठ महिन्यांपूर्वी बदलला. चालताना अजून उजवीकडे झोकतात. काठी उजव्या हातात धरतात, म्हणजे दुखऱ्या बाजूला आधार. कुणीतरी सांगितलं की काठी डाव्या हातात हवी. बाबांना पटत नाही. म्हणतात, आधार दुखऱ्या पायाला हवा, चांगल्या पायाला कशाला?

शून्यमिती

निळीशाई, विषय अजिबात वेगळा नाही. तोच सीसॉ आहे. बाबांचं वजन ६० धरू, सोयीसाठी. डाव्या हातातली काठी उजव्या खुब्यापासून साधारण ५० सेंटिमीटर लांब टेकते. बाबांनी तिच्यावर फक्त ६ किलो भार दिला तरी ६ गुणिले ५० म्हणजे ३००. मघाच्या ५०० मधून ३०० गेले, उरले २००. भागिले ५, म्हणजे स्नायूला फक्त ४० किलो खेचायचे, १०० च्या जागी. सांध्यावरचा दाब ५० अधिक ४० वजा ६, म्हणजे ८४ किलो. १५० वरून ८४. सहा किलोच्या दाबाने!

उजव्या हातातली काठी त्याच खुब्याच्या बाहेरच्या बाजूला टेकते. तिचा वर जाणारा दाब पेल्व्हिसला उलट डावीकडेच कलवतो, म्हणजे स्नायूचं काम वाढतं. बाबा तिच्यावर रेलून धडच तिकडे झुकवत असणार, म्हणून त्यांना बरं वाटतं. म्हणजे आधार काठीचा नाही, झुकण्याचा.

ओझ्याचंही असंच. पाच किलोची पिशवी डाव्या हातात, उजव्या खुब्यापासून ४० सेंटिमीटरवर. उजवा पाय टेकला की २०० भागिले ५, स्नायूवर ४० किलो जादा. तीच पिशवी उजव्या हातात धरली तर त्या खुब्याच्या स्नायूला थोडी उसंतच मिळते. दुखरी बाजू असेल तर ओझं त्याच बाजूला धरायचं आणि काठी उलट बाजूला.

निळीशाई

हे बाबांना कागदावर मांडून दाखवलं. काठी डाव्या हातात घेऊन घरातल्या घरात फिरले. म्हणाले, "उजवा पाय एकदम मोकळा वाटला." मग उजव्या पायाबरोबर डावी काठी पुढे टाकायची हे त्यांना जमेना, दोन वेळा हात-पाय चुकला. आता जमतंय. पण मूळचं झोकणं जाईल का?

सांधेजोड

दोन्ही शक्य आहे, म्हणून खात्रीचं उत्तर देत नाही. सांधा बदलताना आत जाण्याचे वेगवेगळे रस्ते असतात. बाजूने जाणाऱ्या रस्त्यात मीडियसचा काही भाग हाडापासून सोडवून परत जोडावा लागतो. तो जुळायला आणि ताकद यायला वेळ लागतो. शिवाय या स्नायूला चालवणारी मज्जातंतू मांडीच्या उंचवट्याच्या साधारण पाच सेंटिमीटर वरून जाते. तिला धक्का बसलेला असेल तर व्यायामाला प्रतिसाद हळू मिळतो किंवा मिळत नाही. बाबांचा रस्ता कोणता होता ते कागदपत्रांत लिहिलेलं असतं. शस्त्रक्रिया करणाऱ्यांना तेवढं विचारा, आणि आठ महिन्यांनंतरही झोकणं कमी होत नसेल तर तेही सांगा.

मैदानी

एक मिनिट. मग मी जे सांगितलं ते चूक का? स्नायू कमजोर आहे म्हणूनच कंबर खचते ना? बाजू उलटी होती एवढंच. उजवा बळकट केला की झालं.

सांधेजोड

मैदानी, अर्धं बरोबर आहे. कमजोर स्नायू असेल तर बळकट करायलाच हवा. पण दोन गोष्टी जुळत नाहीत.

पहिली, कंबर थोडी उतरणं हा दोषच नाही. नॉर्मल चालण्यातही मोकळ्या बाजूची कंबर चार-पाच अंशांनी उतरते, धावताना अंमळ जास्त. टाच टेकण्याच्या आधीच, पाय अजून हवेत असताना मीडियस ताठ व्हायला सुरुवात होते. भार आला की तो ताठ राहूनच थोडा थोडा लांबत जातो, ब्रेक सैल सोडल्यासारखा, आणि पेल्व्हिसला जपून खाली उतरवतो. मग पाय शरीराच्या खाली येता येता पुन्हा वर आणतो. दुसरी टाच टेकली की याचं काम संपतं. संपूर्ण सपाट कंबर धरून चालायला सांगितलं तर माणूस ताठर, लाकडी चालतो. बघायचं ते एवढंच, की उतरणं किती, किती वेगाने, आणि दोन्ही बाजूंत फरक किती.

दुसरी गोष्ट धावण्याची. चालताना भार एका पायावरून दुसऱ्यावर जाताना थोडा वेळ दोन्ही पाय जमिनीवर असतात, त्यामुळे स्नायूला उसंत असते. धावताना ती नाही. हवेतून थेट एका पायावर, आणि मधल्या टप्प्यात जमिनीचा दाब वजनाच्या दोन ते अडीच पट. स्नायूला तयारी हवेतच करावी लागते. ज्याची ताकद आहे पण जो उशिरा ताठ होतो, त्याची कंबर खचेलच. म्हणूनच माणसं महिनोन्महिने व्यायाम करतात, ताकद मोजली तर वाढलेली असते, आणि धावण्याचा व्हिडिओ मात्र जवळजवळ तसाच. कुशीवर झोपून मिळवलेली ताकद धावण्याच्या त्या क्षणी आपोआप उतरेल, हे गृहीत धरणंच चूक.

तुमचा कंबर उचलण्याचा व्यायाम चांगला आहे, पण त्यात मुख्यतः मागचा मोठा ग्लुटियस मॅक्सिमस लागतो.

मैदानी

मला मात्र फरक पडला होता हे नक्की. तुम्ही सांगता तसं असेल तर माझं काय झालं होतं?

सांधेजोड

तुमचा खुबा दुखायचा थांबला होता की कंबर सपाट झाली होती? त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि अनेकदा एकमेकींशी जुळत नाहीत.

मैदानी

दुखणं थांबलं होतं. व्हिडिओ कधी काढलाच नाही.

पाऊलवाट

मग मी काय करू? आधी हे सांगा की खुब्यावर नेमकं काय दुखतंय. आणि मी धावून आले की दुखरा पाय दुसऱ्यावर टाकून गुडघा विरुद्ध खांद्याकडे ओढते, ताण देते. तेवढ्यापुरतं बरं वाटतं.

सांधेजोड

तो ताण आधी थांबवा. मांडीच्या त्या उंचवट्यावर मीडियसची शीर, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट दोर, येऊन चिकटते. मांडी शरीराच्या मध्यरेषेकडे आली, की वरून जाणारा मांडीचा बाहेरचा जाड पट्टा ती शीर हाडावर दाबतो. कंबर खचते तेव्हा हेच होतं. गुडघा विरुद्ध खांद्याकडे ओढतानाही तेच, पायावर पाय टाकून बसतानाही तेच, आणि एका पायावर भार देऊन कंबर लोंबकळत उभं राहतानाही. दाबलेली शीर ताणून बरी होत नाही. उजव्या कुशीवर झोपल्यावर जाग येणंही याच्याशी जुळतं. डाव्या कुशीवर झोपत असाल तर दोन गुडघ्यांमध्ये उशी ठेवा, नाहीतर उजवी मांडी पुढे आत पडते. हाडावर बोट ठेवून दाबल्यावर नेमकं तिथेच दुखत असेल तर शीर असण्याची शक्यता जास्त. पण कंबरेच्या मणक्यातूनही बाजूला दुखू शकतं, म्हणून एकदा प्रत्यक्ष दाखवून घ्या.

व्यायाम उजवीकडे, पण सुरुवातीला हालचाल न करता. उजवीकडे भिंत येईल अशा उभ्या राहा, उजवा पाय थोडा बाहेर, आणि पाऊल न हलवता भिंतीला बाहेर दाबा. तीस-चाळीस सेकंद धरा, चार-पाच वेळा. आठवडा-दोन आठवड्यांत रात्रीचं दुखणं कमी झालं की पुढचा टप्पा. एका बुटक्या पायरीवर उजवा पाय, डावा पाय कडेला मोकळा. डावी कंबर थोडी खाली सोडायची आणि उजवीकडच्या ओढीने सपाट आणायची. गुडघा वाकवायचा नाही, खांदे झुकवायचे नाहीत. आता हा करू नका, कारण कंबर खाली सोडताना शीर दाबली जाते. दुखणं शमल्यावरच.

शून्यमिती

धावण्याची लकब बदलायची असेल तर पावलं किती जवळ पडतात ते बघायला हवं. एका रेषेवर पाय टाकत धावलात तर पाऊल मध्यरेषेखाली आणि खुबा त्याच्या बाहेर राहतो. म्हणजे मघाचं ते आतलं अंतर वाढतं. पावलं थोडी अलग पडली तर ते कमी होईल.

सांधेजोड

हो, बरोबर. आणि त्याहून सोपं म्हणजे पावलं वाढवणं. पाऊलवाट, मिनिटाला किती पावलं पडतात? तोच वेग ठेवून पाच टक्क्यांनी वाढवा. पाऊल आखूड होतं, पाय शरीराच्या जवळ टेकतो आणि जमिनीवर टेकण्याआधी मीडियसची तयारी वाढते. मांडी आत येणं कमी होतं, थोडंच, पण होतं. एका वेळी एकच बदल करा. सगळं एकदम केलंत तर कशाने काय झालं ते कळणार नाही.

पाऊलवाट

सात आठवड्यांनी परत येतेय. एका डॉक्टरांना दाखवलं. शीर दुखावल्याचंच म्हणाले. ताण बंद, उशी, भिंतीचा व्यायाम. दोन आठवडे धावणं निम्मं केलं. रात्रीचं दुखणं तिसऱ्या आठवड्यात थांबलं. मग पायरीचा व्यायाम सुरू केला आणि पावलं १६४ वरून १७२ वर नेली, ताल धरण्यासाठी फोनवरचा ठोका लावून. पहिल्या आठवड्यात श्वास लागायचा, आता जमतं.

सात किलोमीटर दुखल्याशिवाय होतात. पण व्हिडिओ... कमरेची पट्टी अजून उतरते. आधीपेक्षा थोडी कमी आहे, असं मला वाटतं. मैत्रिणीला वाटत नाही.

उंबरठा

मग दुखणं कशाने गेलं? कंबर सरळ झाली नाही तरी?

सांधेजोड

भार कमी केला, ताण देणं थांबवलं, शिरेला हळूहळू बळ दिलं, पाऊल आखूड केलं. यातलं कशाने किती झालं ते मला सांगता येणार नाही. खचणाऱ्या कंबरेने दुखणं सुरू केलं की दुखऱ्या खुब्यामुळे कंबर खचू लागली, हेही तुमच्या व्हिडिओवरून कळत नाही. दुखण्याआधीचा व्हिडिओ आपल्याकडे नाही.

मैदानी

पहिल्या किलोमीटरचा आणि सातव्याचा वेगवेगळा काढला का? थकल्यावर जास्त खचत असेल तर?

पाऊलवाट

नाही काढला. आधीचा पाचव्याला होता, आताचा दुसऱ्याला. म्हणजे तुलनाच चुकली. रविवारी दोन्ही काढते, तोच वेग, तेच बूट, कॅमेरा कमरेच्या उंचीवर. पट्टीवर दोन ठिकाणी पांढरी टिकली चिकटवते, म्हणजे मैत्रिणीशी वाद होणार नाही.